ज्वारी आंबते तशी सोयाबीन का आंबत नाही?

मार्गशीर्षातल्या अमावस्येला धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत येळवस होते. घरदार कुलूप लावून शेतात जाते, कडब्याची कोप उभी राहते, पूजा होते आणि मग भज्जी, उंडे आणि आंबील यांचे जेवण. भज्जीचे कौतुक जास्त होते, पण त्या पंगतीत खरे मुरलेले रसायन आंबिलीच्या मडक्यात असते. आजूबाजूला रब्बीची ज्वारी उभी असते. त्याच रानातून दोन महिन्यांपूर्वी सोयाबीन निघालेले असते आणि ते पोत्यांतून लातूरच्या बाजारात जाऊन तेलाच्या कारखान्याला लागलेले असते. ज्वारी, गहू, उडीद आंबवून खाण्याची घरोघर सवय असलेल्या या भागात खरिपाचे सर्वांत मोठे पीक मात्र ताटात जवळजवळ येतच नाही आणि आंबवून तर मुळीच येत नाही.

याचे कारण सवयीत आहे असे आपण सहज म्हणतो, आणि काही अंशी ते खरेही आहे. सोयाबीन इथे रुजले ते नगदी पीक म्हणून. गांधीजींनी 1935 साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन रोजच्या जेवणात घेऊन पाहिले होते, पण तो प्रयोग मराठी स्वयंपाकघरात टिकला नाही. तरी माझ्या मते मोठे कारण दाण्याच्या पोटात आहे. ज्वारी आंबवणारे जिवाणू सोयाबीनवर तेच काम त्याच रीतीने करू शकत नाहीत. म्हणून आधी आपल्या ओळखीच्या आंबवणीत काय घडते ते पाहू आणि मग सोयाबीनकडे येऊ.

आंबिलीची एक साधी रीत अशी. वाटीभर ज्वारीचे पीठ दोन वाट्या ताकात गुठळी न राहता कालवायचे आणि मडक्यात झाकून रात्रभर ठेवायचे. सकाळी चार वाट्या पाण्याला उकळी आली की मीठ घालून हे आंबलेले पीठ ढवळत ओतायचे आणि दहाएक मिनिटे शिजवायचे. गार झाल्यावर वरून आणखी ताक, ठेचलेला लसूण, जिरे, कोथिंबीर.

इथे ताकाचे काम चवीपुरते नसते. येळवस येते डिसेंबर-जानेवारीत. बालाघाटच्या पठारावर तेव्हा रात्री चांगल्याच गार असतात. नुसत्या पाण्यात कालवलेले पीठ अशा थंडीत आंबायला दोन-तीन दिवस घेईल, आणि त्या दोन-तीन दिवसांत पिठातले नको ते जिवाणूही वाढायला मोकळे असतील. ताकात मात्र लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आधीच कोट्यवधींनी असतात आणि ताक स्वतः आंबट असते. म्हणजे आंबवणीला सुरुवात होते तीच आंबटपणापासून. ताकातली आणि पिठातली साखर खाऊन हे जिवाणू आम्ल वाढवतात. सामू साडेचारच्या खाली उतरला की पोट बिघडवणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. रानात राखणदार बसवावा तसे हे आम्ल मडक्यात बसते. थंडीत मडके चुलीजवळ ठेवण्याची रीत आहे तीही याचसाठी: राखणदार लवकर कामाला लागावा.

आंबील बिघडली हे नाकाला कळते. चांगल्या आंबिलीला ताकासारखा स्वच्छ आंबट वास येतो आणि कालवलेल्या पिठावर बारीक बुडबुडे दिसतात. सडका, ओकारीसारखा वास आला, तार सुटू लागली किंवा वर हिरवी-काळी बुरशी दिसली तर ते पीठ टाकून द्यायचे. वरचा थर काढून खालचे वापरणे चूक आहे, कारण बुरशीचे धागे आणि तिची विषे दिसतात त्याहून खोल जातात.

काही घरांत ज्वारीचे पीठ आधी शिजवतात आणि गार झाल्यावर ताक घालतात. चवीला दोन्ही सारखी वाटतात, पण पोटाच्या दृष्टीने त्यांत फरक आहे. ज्वारीतले काफिरिन नावाचे प्रथिन पाण्यात शिजले की पचायला आणखी अवघड होते. हे ज्वारीचे वैशिष्ट्य आहे, गहू-तांदळात असे घडत नाही. सुदानमध्येही ज्वारी आंबवून मग शिजवतात, आणि तशा पदार्थांवर झालेल्या अभ्यासात हा तोटा बराच भरून निघतो असे दिसले. शिवाय आंबवताना दाण्यातलेच विकर फायटिक आम्ल तोडते. हे आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवते, ते तुटले की ही खनिजे शरीराला मिळू शकतात. हे दोन्ही लाभ आंबवून मग शिजवणाऱ्या रीतीतच मिळतात. शिजवून ताक घालण्याच्या रीतीत मिळतात ते जिवंत जिवाणू, कारण ते ताकाबरोबर नंतर आलेले असतात. आंबवून शिजवलेल्या आंबिलीत जिवाणू मरून गेलेले असतात. त्यांचे काम आधीच झालेले असते. वरून पुन्हा ताक घालणारी रीत दोन्ही साधते, आणि म्हणूनच मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते.

उन्हाळ्यात दुसरी आंबवण चालते, तिला आपण आंबवण म्हणत नाही इतकेच: कुरडईचा गहू. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी वाटून चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचे आंबूस पाणी ओतून टाकायचे आणि खाली बसलेला चीक मीठ घालून शिजवून सोऱ्यातून पाडायचा. या तीन दिवसांत आम्ल आणि विकरे गव्हातल्या चिकट प्रथिनाची पकड सैल करतात, त्यामुळे पिष्ट मोकळे होते. दाणा दोन बोटांत दाबला की पांढरे दूध बाहेर आले, तर गहू तयार. पाणी बदलायचे विसरले की विरघळलेली प्रथिने सडू लागतात आणि त्या वासाची कुरडई तळल्यावरही लपत नाही.

ओले धान्य अनेक दिवस ठेवण्यात धोका किती, याचे एक टोक चीनमध्ये दिसले. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये हेलाँगजियांग प्रांतात भिजवून आंबवलेल्या मक्याच्या पिठाच्या घरगुती शेवया खाऊन एकाच कुटुंबातल्या मेजवानीत 9 जण दगावले. बर्कहोल्डेरिया जातीच्या जिवाणूने त्यात बोंगक्रेकिक आम्ल हे विष तयार केले होते. हे विष शिजवल्याने जात नाही. त्या शेवया वर्षभर फ्रीजरमध्ये होत्या. आपल्या कुरडईचे पाणी रोज बदलते, गहू पटकन आंबतो आणि शिजलेला चीक एप्रिलच्या कडक उन्हात लवकर वाळतो, म्हणून ती पद्धत सुरक्षित राहिली आहे. पण वाटलेला ओला चीक आज वेळ नाही म्हणून दोन दिवस तसाच पडू देणे ही त्या पद्धतीतली फट ठरते.

इडलीबद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर खूप लिहिले गेले आहे. तीन किंवा चार भाग तांदूळ, एक भाग उडीद, वेगवेगळे भिजवून वाटलेले आणि एकत्र करून रात्रभर ठेवलेले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 1965 मध्ये दाखवले की पीठ फुगवण्याचे मुख्य काम यीस्ट नव्हे, तर ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जिवाणू करतो. तो उडदाच्या डाळीबरोबरच येतो. भिजवतानाच त्याची वाढ सुरू होते. तो आम्लही करतो आणि कर्बवायूही सोडतो. पीठ आणखी आंबट झाले की त्याच्या जागी जास्त आम्ल सोसणारे एन्टेरोकोकस आणि शेवटी पेडिओकोकस येतात. वायू धरून ठेवायला उडदातला चिकट पदार्थ आणि प्रथिने लागतात, म्हणून नुसत्या तांदळाची इडली फुगत नाही. मे महिन्यात पीठ सहा-सात तासांतच चढते आणि मग खाली बसते, कारण आंबटपणा वाढत जातो तसा फेस टिकत नाही. बसस्टँडवर सोडा घालून फुगवलेली इडली ओळखणे सोपे असते: आंबट चव नाही, रंग किंचित पिवळट, जिभेवर साबणासारखी छटा. ती फुगलेली असते, आंबलेली नसते.

उडदाऐवजी सोयाबीनची डाळ घालून इडली करता येते का, हा प्रश्न आमच्या भागात मला अनेकदा ऐकू आला आहे. उडीदही इथे पिकतोच, पण सोयाबीन स्वस्त. अर्धा उडीद बदलून सोयाबीन घातले तर पीठ आंबते, कारण साखर पुरवायला तांदूळ आहे. पण सोयाबीनमध्ये उडदाचा चिकटपणा नाही, त्यामुळे इडली घट्ट बसते. आणि थंड पाण्यात वाटलेल्या सोयाबीनला जो कच्चट वास येतो तो त्यातल्या लायपॉक्सिजिनेज या विकरामुळे. डाळ भिजवण्याआधी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे टाकून काढली की हे विकर मरते आणि वास बराच कमी होतो.

आता तांदूळही काढून टाकू आणि नुसते सोयाबीन आंबवायला ठेवू. इथून पुढे गणित बदलते. ज्वारीत निम्म्याहून जास्त पिष्ट असते. सोयाबीनमध्ये पिष्ट जवळजवळ नाहीच. सुमारे 40 टक्के प्रथिन आणि 20 टक्क्यांच्या आसपास तेल. शिजवलेल्या सोयाबीनवर जिवाणू वाढले की थोडीशी साखर चटकन संपते आणि ते प्रथिनांकडे वळतात. प्रथिन तुटले की अमोनिया सुटतो, आणि अमोनिया आम्लाच्या उलट काम करतो. सामू उतरण्याऐवजी चढतो. ज्वारीच्या मडक्यात आपोआप बसणारा राखणदार इथे येत नाही. ज्या ज्या समाजांनी सोयाबीन आंबवले त्यांना या दाण्यासाठी दुसरी राखण शोधावी लागली, आणि प्रत्येकाने ती वेगळी शोधली.

सिक्कीममध्ये किनेमा करतात. शिजवलेले सोयाबीन हलके ठेचून, थोडी चुलीची राख मिसळून, पानांत गुंडाळून चुलीजवळ एक ते तीन दिवस ठेवतात. तिथे बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू इतक्या वेगाने वाढतो की इतरांना जागाच राहत नाही. अमोनिया चालतो, उलट राख घालून सामू मुद्दाम वर नेला जातो. नागालँडचे अखुनी, मणिपूरचे हवाईजार आणि मेघालयाचे तुंगरिम्बाई याच घराण्यातले. त्यांचा तार सुटणारा चिकटपणा आणि उग्र वास पहिल्यांदा मराठवाड्याच्या जिभेला पेलणे कठीण आहे, असे मला वाटते. जपानच्या मिसोमध्ये राखण मिठाची असते. आधी तांदळावर किंवा सातूवर अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी सुमारे 30 ते 35 अंशांवर दोन दिवस वाढवतात, मग ते कोजी शिजवलेल्या सोयाबीनमध्ये दहा-बारा टक्के मिठासह कालवून महिनोन् महिने दाबून ठेवतात. जावाच्या टेंपेमध्ये राखण दुहेरी असते: सुरुवातीला आम्ल आणि मग रायझोपस बुरशीचा वेग.

धाराशिवच्या घरात करून पाहण्यासारखे यातले टेंपे आहे. किनेमाचा वास आणि मिसोचे मीठ इथे आड येईल. टेंपेला अळिंबीसारखा सौम्य वास असतो, काप करून तळता येतात, रश्शातही पडतात. म्हणून एक घाणा तपशिलाने पाहू.

सोयाबीन 600 ग्रॅम. 2025-26 च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला 5328 रुपयांनी, हे सुमारे 32 रुपयांचे झाले. सर्वांत आधी दाणा कुठला ते पाहायचे. पेरणीनंतर उरलेल्या बियाण्याच्या पिशवीतला दाणा कधीही घ्यायचा नाही. त्यावर बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळलेले असते, आणि ते धुऊन जात नाही. परतीच्या पावसात सापडून काळे पडलेले, शेंगेतच मोड आलेले दाणेही नकोत. जात्यावर किंवा गिरणीत भरडून दोन फाकी आणि टरफल वेगळे केले की पुढचे सगळे सोपे होते. टरफल राहिले तर बुरशी आत शिरत नाही.

भरड रात्रभर भिजवायची, हाताने चोळून उरलेली टरफले वर तरंगू द्यायची आणि ओतून टाकायची. मग नव्या पाण्यात पाच मोठे चमचे व्हिनेगर घालून किमान अर्धा तास शिजवायची. जावात ही आंबट पायरी व्हिनेगरने होत नाही. तिथे उबदार हवेत भिजवण्याच्या पाण्यातच लॅक्टिक जिवाणू वाढतात, आणि आधीच्या खेपेचे आंबलेले पाणी थोडे घातले की ते लवकर वाढतात. आंबिलीतल्या ताकाचे काम इथे ते पाणी करते. सोयाबीनमध्ये जी थोडी साखर आहे, आणि ज्या साखरांमुळे पोट फुगते, त्या भिजवण्याच्या आणि शिजवण्याच्या पाण्यात बऱ्याच उतरतात; म्हणून हे पाणी ओतून द्यायचे. पचनाला आड येणारे ट्रिप्सिनरोधक द्रव्य उकळण्याने मोडते.

घाणे बिघडण्याचे नेहमीचे ठिकाण पुढच्या पायरीत आहे. शिजलेली फाक बाहेरून कोरडी व्हायला हवी. पाणी निथळून, रिकाम्या कढईत मंद आचेवर हलवत वाफ जाऊ द्यायची. ओलसर फाकीवर बुरशीआधी बॅसिलस धावतो. मग 35 अंशांच्या खाली, म्हणजे हाताला कोमट लागण्याइतके थंड झाल्यावर, चहाचा एक चमचा विरजण भुरभुरून एक मिनिट नीट मिसळायचे. विरजण म्हणजे रायझोपस ऑलिगोस्पोरसच्या बीजाणूंची पूड. ती विकतच घ्यावी लागते. भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, दर सेंटिमीटरला सुईएवढे एक भोक, तीन सेंटिमीटरपेक्षा जाड नाही असा थर भरायचा. केळीचे पानही चालते. बुरशीला हवा लागते, पण थोडीच. जास्त हवेने ती काळे बीजाणू धरते, कमी हवेने मरते.

30 अंश आणि 36 ते 48 तास. ऑक्टोबरात धाराशिवला दिवसा हे तापमान आपोआप मिळते, रात्री मिळत नाही. थर्मोकोलच्या डब्यात कोमट पाण्याची बाटली ठेवून पहिली रात्र काढता येते. पण अर्धा दिवस उलटला की बुरशी स्वतः उष्णता सोडते, आणि मग उलट काळजी घ्यावी लागते. थर जाड असेल किंवा डबा बंद राहिला तर आतले तापमान 42 च्या पुढे जाते, बुरशी मागे पडते आणि बॅसिलस जागा घेतो. म्हणून दुसऱ्या दिवशी डबा उघडून पिशव्या सुट्या मांडायच्या. याच कारणाने मे महिन्यात हे काम इथे करू नये. हवाच चाळिशीच्या पुढे असते आणि कोरडीही असते.

चांगल्या टेंपेची वडी पांढरी, घट्ट असते, सुरीने सरळ कापली जाते. भोकांभोवती राखाडी-काळे डाग असतील तर ते बीजाणू आहेत, खायला हरकत नाही. तार सुटते, चिकट ओल आहे, डोळ्यांना झोंबणारा अमोनिया येतो, किंवा गुलाबी, केशरी, हिरवा रंग दिसतो, तर ती वडी फेकायची. या 600 ग्रॅमचे साधारण किलोभर टेंपे होते, आणि ते कच्चे न खाता तळून वा शिजवूनच खायचे.

दोन गोष्टी इथे स्पष्ट सांगायला हव्यात, कारण त्यांबद्दल चुकीचे बोलले जाते. टेंपेतून शाकाहारी माणसाला ब-12 जीवनसत्त्व मिळते असे सांगतात. ते बुरशी तयार करत नाही. काही घाण्यांत क्लेब्सिएला किंवा सिट्रोबॅक्टर हे जिवाणू शिरलेले असतात, ते करतात. स्वच्छ विरजणाच्या घाण्यात ते नसते. त्यामुळे त्यावर विसंबू नये. दुसरी गोष्ट बुरशीची. मिसोची बुरशी अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही आपल्या ओल्या धान्यावर येणाऱ्या हिरवट अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसची फार जवळची नातलग आहे. शतकानुशतके माणसाने निवडून वाढवलेली ओरायझी अफ्लाटॉक्सिन करत नाही. आपल्या पोत्यातली फ्लेव्हस करू शकते. डोळ्यांनी त्या दोघींत फरक करता येत नाही. म्हणून शिळ्या भातावर बुरशी धरवून घरचे कोजी करायचे, किंवा टेंपेसाठी हवेतली बुरशी पकडायची, हे उद्योग कुणीही करू नयेत. स्वतःच्या टेंपेवर बीजाणू येऊ देऊन त्याचे विरजण केले तर दोन-तीन खेपा निभावतात, पण प्रत्येक खेपेला नको ते जिवाणू साठत जातात.

पिकातही थोडी हालचाल झाली आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आणि इंदूरच्या सोयाबीन संस्थेने कुनिट्झ ट्रिप्सिनरोधक नसलेली वाणे काढली आहेत. अशा दाण्याला शिजवण्यात कमी वेळ आणि कमी इंधन लागते. आपल्या भागात मात्र शेतकरी वाण निवडतो तो उतारा, काढणीचे दिवस आणि शेंग फुटते की नाही यावर. कारखान्याला कुठलाही दाणा चालतो, त्यामुळे खाण्याच्या वाणाला वेगळा भाव मिळत नाही, आणि भाव नाही म्हणून ते कुणी लावत नाही.

टेंपे विकायचे ठरवले तर खरी अडचण टिकवण्याची आहे. तयार वडी बाहेर ठेवली तर दिवसा-दोन दिवसांत बुरशी पुढे वाढून अमोनिया सुटतो. फ्रीजमध्ये आठवडाभर, आणि वाफवून फ्रीजरमध्ये ठेवल्यास काही महिने टिकते. पण वीज दोन-चार तास गेली आणि न वाफवलेल्या वड्या एकावर एक रचलेल्या असल्या, तर आत साठलेल्या उष्णतेने मधल्या वड्या आधी जातात. त्यामुळे तालुक्याच्या गावात हे काम करणाऱ्याने वड्या तयार होताच दहा मिनिटे वाफवून बुरशी मारावी आणि त्या एकेरी थरात थंड कराव्यात. ज्याला फ्रीजर परवडत नाही त्याने वाफवलेल्या वडीचे दोन-तीन मिलिमीटरचे काप जाळीवर मांडून फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात, वर मलमलचे कापड टाकून, वाळवावेत. काप मोडताना कट्ट आवाज येईपर्यंत वाळवायचे आणि हवाबंद डब्यात भरायचे. काप वाकला तर आत ओल आहे, आणि ती ओल पावसाळ्यात बुरशी आणणारच.